दोन सूर, एकच आकडे

सिग्नल प्रोसेसिंगच्या वर्गात सुरुवातीच्याच काही तासांत एक गणित फळ्यावर येतं. एक सूर सेकंदाला १,००० कंपनांचा, म्हणजे १,००० हर्ट्झचा. दुसरा ७,००० हर्ट्झचा. कान या दोघांत कधीच गल्लत करणार नाही. पहिला म्हणजे टीव्हीच्या पडद्यावरच्या रंगीत चाचणीपट्ट्यांबरोबर वाजणारा सलग आवाज. दुसरा त्याहून कितीतरी वरचा, बारीक आणि कानात घुसणारा. आता दोन्ही सुरांची सेकंदाला ८,००० वेळा मोजणी करायची आणि प्रत्येक वेळी लाटेची उंची लिहून घ्यायची. दोन्ही लाटा आपल्या शिखरावर असताना मोजणी सुरू केली, तर पहिल्या सुराचे आकडे येतात १, ०.७१, ०, −०.७१, −१, −०.७१, ०, ०.७१ आणि मग पुन्हा तेच. दुसऱ्या सुराचे आकडेही येतात १, ०.७१, ०, −०.७१, −१, −०.७१, ०, ०.७१.

एकाही आकड्याचा फरक नाही.

कारण शोधायला कागद-पेन पुरतं. १,००० हर्ट्झची लाट दोन मोजण्यांच्या मधल्या वेळात आपल्या फेरीचा आठवा भाग पुढे सरकते. ७,००० हर्ट्झची लाट तेवढ्याच वेळात आठातले सात भाग पुढे जाते. पण फेरीत सात-अष्टमांश पुढे जाणं आणि एक-अष्टमांश मागे जाणं यांत पोहोचण्याची जागा एकच असते. शिखरापासून एक-अष्टमांश पुढे किंवा मागे, लाटेची उंची तेवढीच. मधल्या काळात लाट किती फिरली हे मोजणाऱ्याला दिसलेलंच नसतं. ९,००० हर्ट्झचा सूर घेतला तर तो एक पूर्ण फेरी आणि वर एक-अष्टमांश जातो. आकडे पुन्हा तेच. १५,००० घ्या, १७,००० घ्या, यादी संपत नाही. एका सुराने दुसऱ्याच्या वेशात आकड्यांमध्ये शिरण्याच्या या प्रकाराला एलियासिंग म्हणतात.

हाच प्रकार डोळ्यांनीही पाहता येतो. तीन पात्यांचा छताचा पंखा मिनिटाला ३६० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला ६ फेऱ्या घेत असेल आणि सेकंदाला २४ चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्याने त्याचं चित्रण केलं, तर दर दोन चित्रांमध्ये पंखा ९० अंश फिरतो. पाती सारखीच दिसतात आणि त्यांच्यात १२० अंशांचं अंतर असतं. त्यामुळे ९० अंश पुढे गेलेलं पातं आधीच्या शेजारच्या पात्याच्या जागेपासून ३० अंश अलीकडे उभं राहतं. पाहणाऱ्याला वाटतं, पंखा दर चित्राला ३० अंश मागे सरकतोय. सेकंदाला २४ वेळा ३० अंश म्हणजे ७२० अंश. पडद्यावरचा पंखा सेकंदाला दोन फेऱ्यांच्या संथ चालीने उलटा फिरतो. कॅमेरा बिघडलेला नाही, पंखाही नीट आहे. चित्रांची संख्या त्या वेगाला कमी पडली आहे.

इथे वर्गातून हमखास येणारा प्रश्न असा: दोन मोजण्यांच्या मध्ये लाटेने जे काही केलं ते सगळं गमावलंच ना? मग सेकंदाला ८,००० काय आणि ८०,००० काय, डिजिटल ध्वनी कायम तुटकच राहणार.

याचं उत्तर बहुतेकांना अनपेक्षित वाटतं. नाही, मधल्या जागेत काहीच हरवलेलं नसतं, पण एका अटीवर. मूळ ध्वनीतली सर्वांत वरची वारंवारता मोजणीच्या दराच्या निम्म्याहून कमी असली पाहिजे. ही अट पाळली तर दिलेल्या सगळ्या बिंदूंतून जाणारी लाट एकच असू शकते. दुसरी कोणतीही लाट त्या मर्यादेत राहून त्याच बिंदूंतून जाऊ शकत नाही. म्हणून मधला आकार अंदाजाने भरावा लागत नाही, तो गणिताने पूर्ण परत मिळतो. तारयंत्राच्या वेगमर्यादेचा विचार करताना हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८मध्ये या नियमाचा पाया घातला. सोव्हिएत संघात व्लादिमीर कोटेल्निकोव्ह यांनी १९३३मध्ये आणि अमेरिकेत क्लॉड शॅनन यांनी १९४९मध्ये तो दळणवळणाच्या भाषेत नेमका मांडला. निम्म्या दराच्या या सीमेला आज नायक्विस्ट वारंवारता म्हणतात. सेकंदाला ८,००० नमुने घेतले तर ती ४,००० हर्ट्झ.

आणि नेमका ४,००० हर्ट्झचाच सूर आला तर? मग एका फेरीत दोनच नमुने मिळतात. ते शिखरावर आणि तळावर पडले तर सूर पूर्ण उंचीने नोंदला जातो. पण ते लाट शून्य ओलांडते त्या क्षणांवर पडले तर सगळे आकडे शून्य येतात आणि वाजत असलेला सूर नोंदीत शांतता म्हणून जातो. त्यामुळे नियम 'दुप्पट' असा सांगितला जात असला, तरी तो 'दुपटीहून जास्त' असा वाचावा लागतो.

सीमा ओलांडल्यावर काय होतं ते ऐकायचं असेल तर एक सूर हळूहळू वर चढवत न्यायचा आणि तो ८,००० नमुन्यांनी नोंदवायचा, मध्ये कोणताही फिल्टर न लावता. ऐकताना सूर ४,००० हर्ट्झपर्यंत चढत जातो आणि तिथून, कॅरमच्या काठावर आपटलेल्या स्ट्रायकरसारखा, परत फिरून उतरू लागतो. खरा सूर ५,०००वर असतो तेव्हा ऐकू ३,००० येतो. खरा ७,०००वर पोहोचतो तेव्हा ऐकू १,००० येतो. ८,०००वर तो पूर्ण नाहीसा होतो. इतका वेळ चढत असलेला सूर नोंदीत मात्र उतरलेला असतो.

म्हणजे पाळायची अट एकच, पण ती पाळायची कशी? निसर्गातला आवाज ४,००० हर्ट्झशी थांबत नाही. झांजेचा, टाळीचा, 'स' या उच्चाराचा आवाज त्याच्या बराच वर जातो. म्हणून आकडे करण्याच्या आधी, विजेच्या रूपातल्या सिग्नलवर एक फिल्टर बसवतात. सीमेवरचं सगळं तो अडवतो आणि खालचं जाऊ देतो. याची जागा महत्त्वाची आहे. तो मोजणीच्या आधीच असावा लागतो. मोजणी झाल्यावर ७,००० हर्ट्झचा सूर १,००० हर्ट्झचाच झालेला असतो. त्या क्षणानंतर खरा १,००० आणि तोतया १,००० यांना वेगळं करील असा कोणताही फिल्टर नाही, कारण दोघांचे आकडे एकच आहेत.

डिजिटल होताना माहिती हरवण्याची पहिली खरी जागा ही आहे: दोन नमुन्यांची मधली पोकळी नव्हे, तर दारातला फिल्टर. तिथे जे अडवलं ते जाणूनबुजून टाकलेलं असतं. त्याचं सर्वांत मोठं उदाहरण टेलिफोन. अमेरिकेत १९६२मध्ये बेल कंपनीने एका डिजिटल मार्गावरून २४ संभाषणं एकत्र पाठवायला सुरुवात केली तेव्हा प्रत्येक आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जात होते. पुढे तोच दर जगभरच्या एक्स्चेंजांचा पाया झाला. टेलिफोनच्या वाटेने साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जाऊ दिला जातो. ३,४०० ते ४,००० ही मधली जागा फिल्टरला उतरण्यासाठी ठेवलेली असते, कारण कोणताही फिल्टर एका रेषेवर अचानक बंद होऊ शकत नाही.

या पट्ट्यात बोलणं समजतं, कारण स्वरांची ओळख पटवणाऱ्या वारंवारता बहुतेक ३,४००च्या खालीच असतात. पण 'स'ची घासणारी हवा मुख्यतः ४,०००च्या वर ऐकू येते, आणि 'फोन'मधल्या 'फ'पासून तिला वेगळं करणारी खूणही तिथेच असते. म्हणून लँडलाइनवर कोणाला ई-मेल किंवा पॅन क्रमांक सांगताना 'एफ' आणि 'एस' यांचा घोळ होतो आणि 'एस, सांगलीचा' अशी पुस्ती जोडावी लागते. ऐकणाऱ्याचे कान कमजोर नसतात. दोन अक्षरांतला फरक दाखवणारा भाग तारेवर चढण्याआधीच कापलेला असतो.

याच फोनमधली दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. पुरुषाच्या आवाजाची मूळ पट्टी पुष्कळदा १२० हर्ट्झच्या आसपास असते आणि टेलिफोन तर ३००च्या खालचं काढून टाकतो. तरीही फोनवर पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटतो. १२०च्या पटीतले ३६०, ४८०, ६०० हे वरचे सूर शाबूत पोहोचतात आणि त्यांच्यातलं १२०चं समान अंतर ऐकून मेंदू नसलेला मूळ सूर जुळवून घेतो. पायाच्या सुराची खबर वरच्या सुरांच्या अंतरातून मिळते, म्हणून तो गेल्याचं जाणवत नाही. 'स'ची खबर दुसरीकडे कुठेच नसते.

एलियासिंग फक्त मायक्रोफोनच्या दारात होतं असं नाही. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ते बहुधा नंतर शिरतं. आवाज सेकंदाला १६,००० नमुन्यांनी नीट नोंदवलेला असतो आणि फाइल लहान करायची म्हणून कोणीतरी एकाआड एक आकडा काढून टाकतो. उरतात ८,०००. हे दिसायला निरुपद्रवी आहे, पण सीमा आता ८,००० हर्ट्झवरून ४,०००वर आली आहे आणि मधला भाग कोणी रिकामा केलेला नाही. 'स'मधला ६,००० हर्ट्झचा भाग २,०००वर येऊन पडतो, ५,०००चा भाग ३,०००वर. म्हणजे नेमका तिथे, जिथे स्वर ओळखले जातात. परिणाम ऐकल्याबरोबर कळतो: प्रत्येक 'स'वर आवाज खरखरतो, आणि ती खरखर बोलण्याच्या मधोमध बसलेली असते. बरोबर क्रम असा की आधी डिजिटल फिल्टरने ४,०००च्या वरचं काढायचं आणि मग एकाआड एक आकडा सोडायचा. असं केल्यावर 'स' बोथट होतो, पण त्याच्या जागी खोटं काही येत नाही.

हा फरक या विषयाच्या गाभ्याशी आहे. फिल्टरने कापलं तर माहिती कमी होते. एलियासिंगने माहिती कमी तर होतेच, शिवाय जी उरली तीही भेसळीची होते, आणि भेसळ किती हे त्याच आकड्यांवरून सांगता येत नाही.

माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मग सीडीसाठी ४०,००० नमुने पुरे होते, ४४,१०० कशाला, हा पुढचा प्रश्न. त्यातलं थोडं उत्तर फिल्टरचं आहे: सीमा २२,०५०वर गेली की २०,०००पासून उतरायला त्याला जागा मिळते. पण नेमका ४४,१०० हा आकडा व्हिडिओ टेपमधून आला. १९७०च्या दशकात एवढे आकडे साठवू शकणारं सोयीचं यंत्र म्हणजे व्हिडिओ रेकॉर्डर होता, म्हणून ध्वनीचे नमुने चित्राच्या ओळींमध्ये लिहिले जात. अमेरिका आणि जपानच्या पद्धतीत सेकंदाला ६० क्षेत्रं, प्रत्येकात वापरता येण्याजोग्या २४५ ओळी आणि दर ओळीत ३ नमुने: गुणाकार ४४,१००. युरोपच्या पद्धतीत ५० क्षेत्रं, २९४ ओळी, ३ नमुने: गुणाकार पुन्हा ४४,१००. दोन्हीकडे जमणारा हा दर सोनी आणि फिलिप्स यांनी सीडीसाठी कायम केला आणि १९८२मध्ये सीडी बाजारात आली.

हरवण्याची दुसरी जागा वेळेत नसून उंचीत आहे. प्रत्येक नमुन्याची उंची ठरावीक पायऱ्यांपैकी जवळच्या पायरीवर बसवावी लागते. ८ बिटांत २५६ पायऱ्या, सीडीच्या १६ बिटांत ६५,५३६. सिग्नल उणे १ ते अधिक १ व्होल्टमध्ये असेल आणि पायऱ्या २५६ समान असतील, तर एक पायरी ०.००७८ व्होल्टची होते. प्रत्येक नमुन्यात जास्तीत जास्त अर्ध्या पायरीची, म्हणजे ०.००३९ व्होल्टची चूक राहते. मोजणीचा दर कितीही योग्य असला तरी ही चूक परत फिरवता येत नाही. सीमेची अट पाळल्यावर वेळेतलं सगळं परत मिळतं. उंचीतली ही बारीक कपात मात्र कायमची.

आता ०.००३ व्होल्टचा एक हळू सूर घ्या. तो अर्ध्या पायरीपर्यंतही पोहोचत नाही, म्हणून त्याचा प्रत्येक नमुना शून्यावर बसतो आणि सूर गायब होतो. यावरचा उपाय उलटा वाटेल असा आहे: मोजण्याआधी सिग्नलमध्ये मुद्दाम थोडा गोंगाट मिसळतात. एका पायरीएवढ्या रुंदीचा, कसाही वरखाली होणारा गोंगाट मिसळला, तर सुराच्या शिखरावर शंभरातल्या साधारण ३८ वेळा बेरीज अर्धी पायरी ओलांडते आणि नमुना वरच्या पायरीवर बसतो. ०.००७८ची पायरी शंभरात ३८ वेळा, म्हणजे सरासरी ०.००३. हरवणारा सूर सरासरीत बरोबर आपल्या उंचीने टिकला. त्याची किंमत म्हणून पार्श्वभूमीत अगदी हलकी सळसळ राहते. या युक्तीला डिदर म्हणतात.

टेलिफोनने वेगळा मार्ग घेतला. तिथे नमुन्याला आठच बिट मिळतात, पण पायऱ्या समान नसतात. हळू आवाजासाठी त्या जवळजवळ आणि मोठ्या आवाजासाठी लांबलांब ठेवलेल्या असतात, कारण मोठ्या आवाजातली मोठी चूक त्या आवाजाखालीच दबून जाते. भारतात आणि युरोपात या मांडणीला ए-लॉ म्हणतात. आठ बिट गुणिले ८,०००, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट: डिजिटल टेलिफोनच्या एका संभाषणाचं ठरलेलं माप.

वर्गाला शेवटी द्यावा असा प्रश्न शोधाचा आहे. एक साधा मायक्रोकंट्रोलर बोर्ड मायक्रोफोनला जोडला आहे. मध्ये फिल्टर नाही. बोर्ड सेकंदाला ९,००० नमुने घेतो. खोली शांत आहे, तरी नोंदीत ४,००० हर्ट्झची ठळक शिट्टी दिसते. कोणालाही ती ऐकू येत नाही. ती खरी आहे का?

एका दराने घेतलेल्या नोंदीवरून हे कळणार नाही. म्हणून दर किंचित बदलायचा. खरा सूर दर बदलला तरी जागचा हलत नाही, तोतया हलतो. ९,१०० नमुने घेतल्यावर शिट्टी ३,६००वर सरकलेली दिसली, म्हणजे ती तोतया ठरली. पण एवढ्यावर थांबायचं कारण नाही. दर १००ने वाढला आणि शिट्टी ४००ने खाली आली. चौपट हलली, याचा अर्थ मूळ वारंवारतेतून मोजणीचा दर चार वेळा वजा झाला आहे. चार गुणिले ९,००० म्हणजे ३६,०००, त्यात ४,००० मिळवले की ४०,०००. दुसऱ्या नोंदीवरून ताळा घ्यायचा: चार गुणिले ९,१०० म्हणजे ३६,४००, अधिक ३,६००, पुन्हा ४०,०००. अंतर मोजणारे अल्ट्रासॉनिक सेन्सर नेमके ४०,००० हर्ट्झवर चालतात. बाकावर तसा एखादा चालू राहिला असेल तर तो बंद करायचा, शिट्टी जाते.

सेन्सर बंद करता येत नसेल तर फिल्टर लागतो. ५.६ किलोओहमचा रोध आणि १० नॅनोफॅरडचा धारित्र जोडले की सुमारे २,८०० हर्ट्झपासून उतरणारा सर्वांत साधा फिल्टर तयार होतो. ४०,०००चा सूर त्यातून जाताना चौदा पटींनी लहान होतो आणि शिट्टी जवळपास दबते. पण हा उतार फार सौम्य आहे. ६,००० हर्ट्झचा आवाज, जो या बोर्डावर ३,००० होऊन दिसेल, तो त्यातून चाळीस टक्क्यांहून अधिक उंचीने पार होतो. उतार तीव्र करायचा तर रोध-धारित्रांच्या पायऱ्या वाढवाव्या लागतात, त्यांच्या किमती नेमक्या जुळाव्या लागतात, खर्च वाढतो.

आजच्या ध्वनिचिपांनी ही अडचण दर वाढवून सोडवली आहे. ४८,००० नमुने हवे असतील तर चिप आधी त्याच्या ६४ पट, म्हणजे सेकंदाला ३०,७२,००० वेळा मोजते. आता २०,००० हर्ट्झपर्यंतच्या ऐकण्याच्या पट्ट्यात येऊन पडू शकेल अशी पहिली वारंवारता ३०,५२,००० हर्ट्झवर आहे, आणि तिच्यापर्यंत उतरायला त्याच एका रोधाला आणि धारित्राला भरपूर जागा मिळते. २४,०००वर तीव्रपणे कापण्याचं काम चिपच्या आतला डिजिटल फिल्टर करतो, आणि तो झाल्यावरच ६४ नमुन्यांतले ६३ सोडून दिले जातात.